षट्कोनापासून वर्तुळापर्यंत: क्षेत्रफळ स्वतः मोजून काढायची रीत

वर्तुळाच्या आत बारा समान बाजूंचा बहुभुज काढला, म्हणजे त्याचे बाराही कोपरे वर्तुळावर टेकले, तर त्याचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या तिप्पट भरतं. अगदी तिप्पट, दशांशचिन्हापुढे काहीही उरत नाही. षट्कोनाच्या क्षेत्रफळात √3 घुसतं, चोवीस बाजूंना तर वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ येतं, आणि मधला हा बारा बाजूंचा मात्र सरळ ३ देऊन मोकळा होतो. हे का होतं ते एकदा कळलं की वर्तुळाच्या क्षेत्रफळापर्यंत जाण्याची पुढची सगळी वाट त्याच एका चित्रातून निघते. म्हणून आपण तिथूनच जाऊ.

लागणारं सामान असं: कंपास, पट्टी, बारीक टोकाची पेन्सिल आणि वर्गमुळाचं बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर. π कुठेही वापरायचा नाही. साइनचं बटणही नाही. त्याचं कारण पुढे येईल.

पहिली पायरी: षट्कोन

कोऱ्या कागदावर १० सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. या १० सेंटिमीटरला आपण '१' म्हणणार आहोत, म्हणजे आकडेमोड हलकी होते. क्षेत्रफळाचा एक एकक म्हणजे मग १०० चौरस सेंटिमीटर, एवढं लक्षात ठेवा.

कंपासचं अंतर न बदलता वर्तुळावर कुठेही टोक रोवा आणि एकापाठोपाठ एक खुणा करत जा. सहावी खूण पहिल्या जागी येऊन मिळाली पाहिजे. एखाद-दोन मिलिमीटर चुकली, तर बहुतेक वेळा कंपासचा स्क्रू सैल झालेला असतो. पुन्हा काढा, चूक पुढे नेऊ नका. खुणा जोडल्या की सुसम षट्कोन तयार. केंद्रापासून प्रत्येक कोपऱ्याला रेघ मारली की त्यात सहा समभुज त्रिकोण दिसतात, म्हणून षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढीच, म्हणजे १. एका समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ √3/4, सहांचं मिळून २.५९८०८.

कागदाच्या हिशेबात हे २५९.८ चौरस सेमी झालं. बाजू आणि वर्तुळाची कड यांच्यात सहा फुगीर तुकडे उरले. जीवा आणि कंस यांच्यामधल्या अशा तुकड्याला वर्तुळखंड म्हणतात. मधोमध त्याची उंची १३.४ मिमी आहे. हे सहा तुकडे मोजायचे बाकी आहेत.

दुसरी पायरी: सहाचे बारा, आणि ते बरोबर ३ का येतं

षट्कोनाची एक बाजू घ्या, तिच्या टोकांना अ आणि ब म्हणा. वर्तुळाचं केंद्र क. आता अ आणि ब यांच्यामधल्या कंसाचा मध्यबिंदू काढा, तो म. क ते म ही रेघ जीवा अब ला जिथे छेदते तो बिंदू प. क-म ही रेघ जीवेला काटकोनात दुभागते.

आता क, अ, म, ब हे चार बिंदू क्रमाने जोडा. तयार झालेला चौकोन पतंगाच्या आकाराचा आहे. त्याचे कर्ण दोन: एक क-म, म्हणजे त्रिज्या, लांबी १, दुसरा अ-ब, म्हणजे जुन्या बहुभुजाची बाजू. कर्ण एकमेकांना लंब असले की क्षेत्रफळ म्हणजे कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं, हे आठवीत समभुज चौकोनासाठी शिकलेलं असतं. पतंगालाही तेच लागू पडतं. म्हणून एका पतंगाचं क्षेत्रफळ ½ × १ × १ = ½.

असे सहा पतंग केंद्राभोवती बसतात आणि त्यांची बाहेरची कड म्हणजेच बारा बाजूंचा बहुभुज. सहा गुणिले अर्धा, तीन. √3 कुठे गेलं? ते नव्या बाजूच्या लांबीत लपलं आहे. पण क्षेत्रफळासाठी नवी बाजू लागलीच नाही, जुन्या बाजूवर काम भागलं. हीच मेख आहे. जुन्या बहुभुजाच्या बाजू n आणि एका बाजूची लांबी s असेल, तर दुप्पट बाजूंच्या बहुभुजाचं क्षेत्रफळ असं:

```
2n बाजूंचं क्षेत्रफळ = n × s / 2
```

इथे n आणि s दोन्ही जुने. नवी बाजू आणि जुनी संख्या अशी सरमिसळ हमखास होते, आणि तसं केलं की क्षेत्रफळ वाढायच्या ऐवजी घटतं. घटलं की समजा, चुकीचा s घेतला.

तिसरी पायरी: नवी बाजू

चोवीस बाजूंपर्यंत जायचं तर बारा बाजूंच्या बहुभुजाची बाजू हवी, म्हणजे चित्रातली अ-म. त्रिकोण अ-प-म काटकोनी आहे. अ-प ही s/2. क-प ही पायथागोरसने √(1 − s²/4). उरलेली प-म म्हणजे १ वजा क-प. आता पुन्हा पायथागोरस:

```
अम² = s²/4 + (1 − कप)²
    = s²/4 + 1 − 2·कप + (1 − s²/4)
    = 2 − 2·कप
    = 2 − √(4 − s²)
```

s²/4 आपोआप उडतं, म्हणून शेवटची ओळ एवढी आटोपशीर दिसते. वहीत दर वेळी बाजू न लिहिता बाजूचा वर्ग लिहीत जा. पुढच्या फेरीत तोच लागतो, आणि वर्गमूळ फक्त क्षेत्रफळ काढताना घ्यायचं.

करून पाहू. षट्कोनासाठी s² = १. म्हणून बारा बाजूंसाठी s² = २ − √३ = ०.२६७९४९१९, s = ०.५१७६३८०९. चोवीस बाजूंचं क्षेत्रफळ १२ × ०.५१७६३८०९ ÷ २ = ३.१०५८२८५. पुढच्या फेरीत s² = २ − √(४ − ०.२६७९४९१९) = ०.०६८१४८३५, बाजू ०.२६१०५२३८, अठ्ठेचाळीस बाजूंचं क्षेत्रफळ ३.१३२६२८६.

कागदावर हेच करत असाल तर इथे थांबावं लागेल. बारा बाजूंना वर्तुळखंडाची उंची ३.४ मिमी असते, चोवीसला ०.९ मिमी, अठ्ठेचाळीसला जेमतेम ०.२ मिमी. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते. डोळ्याला बहुभुज आणि वर्तुळ आता एकच दिसतात, आणि 'झालं, वर्तुळ आलं' असं म्हणायचा मोह होतो. आकडे मात्र सांगतात की अजून जवळजवळ एक चौरस सेंटिमीटर बाकी आहे. या टप्प्यावर चित्र मिटून ठेवावं आणि कोष्टक हाती घ्यावं.

चौथी पायरी: कोष्टक

खालचे आकडे दहा दशांशस्थळं ठेवून काढले आणि लिहिताना पाचांवर आणले आहेत. शेवटचा रकाना काय आहे ते पुढच्या पायरीत सांगतो. तूर्त तो म्हणजे 'क्षेत्रफळ अधिक वाढ' एवढंच.

| बाजू | एका बाजूची लांबी | क्षेत्रफळ | मागच्याहून वाढ | छत |
|---|---|---|---|---|
| ६ | १.००००० | २.५९८०८ | | |
| १२ | ०.५१७६४ | ३.००००० | ०.४०१९२ | ३.४०१९२ |
| २४ | ०.२६१०५ | ३.१०५८३ | ०.१०५८३ | ३.२११६६ |
| ४८ | ०.१३०८१ | ३.१३२६३ | ०.०२६८० | ३.१५९४३ |
| ९६ | ०.०६५४४ | ३.१३९३५ | ०.००६७२ | ३.१४६०७ |
| १९२ | ०.०३२७२ | ३.१४१०३ | ०.००१६८ | ३.१४२७१ |
| ३८४ | ०.०१६३६ | ३.१४१४५ | ०.०००४२ | ३.१४१८७ |

वाढीचा रकाना वरून खाली नीट पाहा. प्रत्येक वाढ मागच्या वाढीच्या साधारण चौथा हिस्सा आहे, आणि खाली जावं तसं हे प्रमाण जास्त काटेकोर होत जातं. हे ध्यानात ठेवा. चूक पकडायला याच्याइतकं सोपं साधन नाही.

पाचवी पायरी: वरून झाकण

आतापर्यंतचे सगळे आकडे वर्तुळाहून लहान, कारण बहुभुज वर्तुळाच्या पोटात आहे. पण नुसते वाढत जाणारे आकडे कुठवर जातील हे त्यांच्याकडे बघून कळत नाही. आपण खरोखर वर्तुळाच्या क्षेत्रफळाकडेच जातोय, मध्येच कुठे अडकत नाही, याची खात्री कोण देणार? खूप पुस्तकं इथे 'n अनंताकडे नेला की बहुभुज वर्तुळ होतो' असं म्हणून पुढे सरकतात. हे वाक्य मला पटत नाही. बहुभुज कधीच वर्तुळ होत नाही; कितीही बाजू केल्या तरी त्याला कोपरे असतात आणि काही तुकडे बाहेर राहतातच. ते उरलेले तुकडे हवे तेवढे लहान करता येतात का, हा खरा प्रश्न.

नुसतं दिसण्यावर विसंबलं तर फसगत होते, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. वर्तुळाला बाहेरून चौरसात बसवा, बाजू २, परिमिती ८. चौरसाचे कोपरे आत दुमडून पायऱ्या करा, मग त्या पायऱ्यांच्या आणखी बारीक पायऱ्या. नक्षी वर्तुळाला इतकी चिकटते की डोळ्याला फरक दिसत नाही, तरी तिची लांबी ८ च्या खाली तसूभरही येत नाही. म्हणून 'जवळ दिसतं' हा पुरावा चालत नाही. उरलेल्या भागाला मापात धरावं लागतं.

आपल्या त्याच चित्राकडे परत या. जीवा अ-ब हा पाया धरा आणि म मधून तिला समांतर रेघ मारा. अ आणि ब पासून त्या रेघेपर्यंत लंब उभे करा. एक चपटा आयत तयार झाला. त्याला आपण पेटी म्हणू. वर्तुळखंड या पेटीत पूर्ण मावतो: वरची रेघ वर्तुळाला म पाशी फक्त स्पर्श करते, आणि कंस अर्धवर्तुळाहून लहान असल्याने तो बाजूंनीही बाहेर फुगत नाही. आता त्रिकोण अ-म-ब पाहा. त्याचा पाया पेटीचाच, उंचीही पेटीचीच. म्हणून तो पेटीच्या बरोबर निम्मा.

या एका निरीक्षणातून दोन गोष्टी हाती लागतात.

पहिली: वर्तुळखंड पेटीहून लहान, पेटी म्हणजे दोन त्रिकोण, म्हणून वर्तुळखंड दोन त्रिकोणांहून लहान. सगळ्या बाजूंचे त्रिकोण मिळून किती? n वरून 2n वर जाताना जेवढी वाढ झाली तेवढेच, कारण नव्याने जोडले गेले ते हेच त्रिकोण. मग वर्तुळाचं क्षेत्रफळ जुन्या बहुभुजात ही वाढ दोनदा मिळवून येणाऱ्या बेरजेहून कमी. म्हणजेच नवा बहुभुज अधिक एक वाढ. कोष्टकातला 'छत' हा रकाना हाच. बाहेरून बहुभुज काढायची गरज पडली नाही, नवं वर्गमूळही लागलं नाही. आतल्याच दोन आकड्यांवरून वरची मर्यादा मिळाली. ही युक्ती चीनमधल्या ल्यू हुई याची. इसवी सन २६३ मध्ये एका जुन्या गणितग्रंथावर भाष्य लिहिताना त्याने १० त्रिज्येचं वर्तुळ घेऊन १९२ बाजूंपर्यंत मजल मारली आणि क्षेत्रफळ ३१४ ६४/६२५ आणि ३१४ १६९/६२५ यांच्यामध्ये आहे असं लिहिलं. दशांशात ३१४.१०२४ आणि ३१४.२७०४. आपल्या कोष्टकाची १९२ ची ओळ शंभरपट करून ताडून पाहा.

दुसरी: त्रिकोण वर्तुळखंडाच्या निम्म्याहून मोठा. म्हणून बाजू दुप्पट केल्या की बाहेर उरलेल्या भागातला अर्ध्याहून जास्त भाग गिळला जातो, आणि हे दर फेरीला होतं.

सहावी पायरी: 'सीमा' म्हणजे नेमकं काय कबूल केलं

आता कुणीही येऊन सांगावं की मला वर्तुळ आणि बहुभुज यांच्यातला फरक एवढ्याहून कमी हवा. समजा आपल्या १० सेमीच्या वर्तुळात एक चौरस मिलिमीटरहून कमी. आपल्या एककात ०.०००१.

वर्तुळ २ बाजूच्या चौरसात मावतं, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ ४ हून कमी. षट्कोन २.५९८, म्हणून सुरुवातीची उणीव १.४०२ हून कमी. दर फेरीला ती निम्म्याहून कमी होते. चौदा फेऱ्यांनंतर ती १.४०२ ÷ १६३८४, म्हणजे ०.००००८६ हून कमी. मागणी पुरी झाली. मागणाऱ्याने याहून दहापट काटेकोर मागितलं, तर चारेक फेऱ्या वाढवायच्या. कितीही लहान आकडा द्या, फेऱ्यांची संख्या सांगता येते, आणि त्या फेरीपुढचा प्रत्येक बहुभुज ती अट पाळतो. क्षेत्रफळांच्या या क्रमिकेची सीमा वर्तुळाचं क्षेत्रफळ आहे, या वाक्याचा अर्थ एवढाच; अनंत बाजूंचा बहुभुज त्यात कुठेच नाही.

प्रत्यक्षात चौदा फेऱ्या लागत नाहीत, सातव्या फेरीलाच, ७६८ बाजूंना, उणीव ०.००००३५ वर येते. पेटीने 'निम्म्याहून कमी' एवढंच वचन दिलं होतं, आकडे मात्र चौपटीने घटतात. वचन ढिलं आहे, पण ते प्रत्येक फेरीला पाळलं जातं हे सिद्ध करता येतं, आणि सीमेसाठी तेवढं पुरतं.

चौपटीचा फायदा मात्र आकडेमोडीत उठवता येतो. पुढची प्रत्येक वाढ चौथा हिस्सा असेल, तर उरलेल्या सगळ्या वाढींची बेरीज शेवटच्या वाढीच्या ¼ + १/१६ + १/६४ + … एवढी, आणि ही बेरीज ⅓ होते. म्हणून शेवटच्या वाढीचा तिसरा हिस्सा मिळवून टाका. १९२ बाजूंसाठी: ३.१४१०३१९५ + ०.००१६८१७५ ÷ ३ = ३.१४१५९२५३. सहा दशांशस्थळं बरोबर आली, तीही पाच फेऱ्यांत. हा अंदाज आहे, हमी नव्हे. हमी तळ, म्हणजे आतल्या बहुभुजाचं क्षेत्रफळ, आणि छत यांच्याकडेच.

कुठे बिघडतं, आणि ते कसं ओळखायचं

सगळ्यात जास्त नुकसान लवकर दशांश छाटल्याने होतं. मी पहिल्यांदा हे वहीत केलं तेव्हा चार स्थळं पुरतील असं धरून चाललो होतो. बाजूंचे वर्ग असे आले: ०.२६७९, ०.०६८१, ०.०१७१, ०.००४३. क्षेत्रफळं: ४८ ला ३.१३१५, ९६ ला ३.१३८४, आणि १९२ ला ४८ × √०.००४३ = ३.१४७६. हा शेवटचा आकडा बघताक्षणी खटकायला हवा होता. मागची वाढ ०.००६९ असताना पुढची ०.००९२ कशी? ती घटून ०.००१७ च्या आसपास यायला हवी. शिवाय ९६ च्या ओळीचं छत माझ्याच आकड्यांनी ३.१४५३ येत होतं, आणि वर्तुळाच्या पोटातला बहुभुज त्या छताच्या वर निघाला होता. दोन घंटा एकदम वाजत होत्या; मी त्या दुसऱ्या दिवशी ऐकल्या.

दोष कुठे आहे ते २ − १.९९५७ या वजाबाकीत दिसतं. जवळजवळ सारख्या दोन संख्या एकमेकींतून वजा केल्या की पुढचे खरे अंक एकमेकांना खाऊन जातात आणि हातात ०.००४३, म्हणजे दोनच विश्वासू अंक राहतात. जास्त अंक ठेवले की हे लांबणीवर पडतं, टळत नाही. टाळायचं असेल तर वजाबाकीच काढून टाकायची. २ − √(४ − s²) ला २ + √(४ − s²) ने गुणून भागलं की वर फक्त s² उरतं:

```
नवा s² = s² / (2 + √(4 − s²))
```

किंमत तीच, पण आता वजाबाकीच्या जागी भागाकार आहे. याच रीतीने, चार अर्थपूर्ण अंक ठेवून: ०.२६७९ ÷ ३.९३१९ = ०.०६८१३, ते ÷ ३.९८२९ = ०.०१७११, ते ÷ ३.९९५७ = ०.००४२८२. वर्गमूळ घेऊन ४८ ने गुणलं की ३.१४१०. तेवढेच अंक, तीच वही, आणि उत्तर जिथे हवं तिथे. भाजक ४ कडे सरकतो हेही इथे उघड दिसतं. बाजूचा वर्ग दर फेरीला चौथ्या हिश्शावर का येतो याचं उत्तर तेच.

संगणकावर तर हा दोष आणखी नाट्यमय दिसतो. पायथॉन असेल तर हे चालवून पाहा:

```python
from math import sqrt
n, q = 6, 1.0
for k in range(30):
    print(2*n, n*sqrt(q)/2)
    q = 2 - sqrt(4 - q)
    n = 2*n
```

सुरुवातीच्या ओळी छान स्थिरावत जातात, मग शेपटाकडचे अंक थरथरायला लागतात, किमती भरकटतात, आणि तीस ओळी संपायच्या आत क्षेत्रफळ चक्क `0.0` छापलं जातं. q इतका लहान झाला की संगणकाच्या लेखी 4 − q म्हणजे 4 च. आता `q =` ने सुरू होणारी ती एकच ओळ बदलून `q = q / (2 + sqrt(4 - q))` करा. थरथर गायब होते.

दुसरी चूक वेगळ्या जातीची. क्षेत्रफळ थेट (n/2)·sin(360°/n) या सूत्राने काढता येतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं बरेच जण विचारतात. ताळा घ्यायला ते सूत्र उत्तम आहे. पण कॅल्क्युलेटरचं साइनचं बटण आतून π वापरूनच अंशांचं रूपांतर करतं, म्हणजे जे शोधायचं ते आधीच त्याच्या खिशात आहे. ताळा घेतानाही एक बघा: कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर बारा बाजूंसाठी 6 × sin 30 हे ३ ऐवजी उणे ५.९३ देतं. ऋण क्षेत्रफळ दिसलं की आधी मोड तपासायचा.

सातवी पायरी: सूत्र कुठून आलं

आतापर्यंत त्रिज्या १ होती. त्रिज्या r असेल तर प्रत्येक लांबी r पट, प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ r² पट, म्हणून सीमाही r² पट. त्रिज्या १ असतानाच्या सीमेला π म्हटलं की πr² आलं.

पण पतंगाचं सूत्र याहून जास्त सांगतं. 2n बाजूंचं क्षेत्रफळ = n·s·r/2, आणि n·s म्हणजे n बाजूंच्या बहुभुजाची परिमिती. म्हणून दुप्पट बाजूंच्या बहुभुजाचं क्षेत्रफळ हे जुन्या परिमितीच्या आणि त्रिज्येच्या गुणाकाराचं निम्मं. प्रत्येक फेरीला, तंतोतंत. बाजू वाढवत गेलं की डावीकडे वर्तुळाचं क्षेत्रफळ येतं आणि परिमितीची सीमा म्हणजे परीघ. क्षेत्रफळ = ½ × परीघ × त्रिज्या. क्षेत्रफळातला π आणि परिघातला π एकच का, याचा हा उलगडा.

भास्कराचार्यांनी लीलावतीत हेच एका तुकड्यात बसवलं आहे: 'परिधिगुणितव्यासपादः फलम्', परिघाने गुणलेला व्यासाचा पाव भाग म्हणजे क्षेत्रफळ. परीघ काढायला त्यांनी दोन प्रमाणं दिली, सूक्ष्म हवं तर ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठी २२/७. सूक्ष्म प्रमाण कसं मिळतं ते लीलावतीवर सोळाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या गणेश दैवज्ञांनी सांगितलं. ते कोकणातल्या नांदगावचे. व्यास १००, आत षट्कोन, मग बाजू दुप्पट करत ३८४ पर्यंत. ३८४ वरच का थांबायचं, याचं उत्तर आपल्या सूत्रातून निघतं. ३८४ बाजूंची परिमिती भागिले व्यास म्हणजे त्रिज्या १ असताना ७६८ बाजूंचं क्षेत्रफळ, ३.१४१५५८. चार स्थळांवर ३.१४१६, म्हणजेच ३९२७/१२५०. एक फेरी आधी थांबलं असतं तर ३.१४१४५ मिळून ३.१४१५ वर अडलं असतं.

शेवटी, आपलं कोष्टक हत्यारासारखं वापरून पाहा

तळ आणि छत हाती असले की π साठी वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही किमतीची झडती घेता येते. ३ ही किंमत २४ बाजूंच्या तळाखालीच सापडते. √10, म्हणजे ३.१६२३, ४८ च्या छतावर आदळतं, कारण तिथे छत ३.१५९४३ आहे. शाळेतला २२/७ म्हणजे ३.१४२८६, ९६ बाजूंच्या ओळीत तो सुखाने मावतो, पण १९२ च्या छतात, ३.१४२७१ मध्ये, मावत नाही. म्हणजे २२/७ वर्तुळापेक्षा मोठा आहे हे पाच फेऱ्यांत सिद्ध झालं, आणि तेही π ची खरी किंमत कुठूनही उसनी न घेता.

३९२७/१२५० जास्त चिवट आहे. ३८४, ७६८, अगदी १५३६ बाजूंनाही तो निसटतो. तिथे छत ३.१४१६१० असतं. आणखी एक फेरी, ३०७२ बाजू, छत ३.१४१५९७, आणि तोही बाहेर पडतो. ही ओळ कोष्टकात नाही. भागाकाराची रीत वापरून, किमान दहा अंक ठेवून, ती तुम्ही स्वतः भरा.